चित्रातला चष्मा: काच, प्रतिबिंब आणि फ्रेमची जाडी

शब्दांत वर्णन लिहून एआय साधनाकडून माणसाचे चित्र काढून घेतले, की चेहरा, केस, कपड्यांच्या चुण्या या गोष्टी आता बहुतेक वेळा ठाकठीक येतात. गडबड होते ती चष्म्यापाशी. साध्या काचेवर पांढरा चट्टा येतो आणि एक डोळा झाकला जातो. गॉगलमध्ये माणसाच्या पाठीमागचाच देखावा दिसतो. फ्रेमची एक कडा जाड आणि दुसरी बारीक निघते, किंवा काडी कानापर्यंत पोचण्याआधीच केसांत विरून जाते. चष्मा ही छोटी वस्तू असली तरी चित्रकाराकडून ती तीन वेगवेगळी कामे करून घेते. तिच्यातून आरपार दिसायला हवे, तिने समोरचे प्रतिबिंब दाखवायला हवे, आणि मिलिमीटरमध्ये मोजलेली तिची चौकट चेहऱ्याच्या मापात बसायला हवी. एआयला दिलेल्या लेखी सूचनेत, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, या तिन्हींबद्दल काय लिहावे आणि का, हे कळायचे असेल तर आधी काचेवर पडणाऱ्या उजेडाचे काय होते ते पाहावे लागते.

त्याचे कारण या साधनांच्या घडणीत आहे. स्टेबल डिफ्यूजन, मिडजर्नी यांसारखी साधने उजेडाचा मार्ग मोजत नाहीत. निव्वळ दाणेदार गोंधळापासून सुरुवात करून, शिकवणीच्या वेळी पाहिलेल्या असंख्य छायाचित्रांशी जुळेल अशी प्रतिमा ती टप्प्याटप्प्याने उभी करतात. त्या छायाचित्रांसोबत जे मजकूर होते त्यांत ‘काळी गोल फ्रेम’, ‘समुद्रकिनाऱ्यावर गॉगल घातलेली स्त्री’ असे काहीतरी असते. फोटो काढताना खिडकी कुठे होती, गॉगल घातलेल्या व्यक्तीसमोर काय होते, फ्रेमची पट्टी किती मिलिमीटरची होती, हे त्यांत क्वचितच असते. त्यामुळे गॉगल चमकतो एवढे साधनाला माहीत असते, पण तो कशामुळे चमकतो हे नसते. ही कारणाची बाजू प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याने पुरवायची असते.

साध्या काचेपासून सुरुवात करू. चष्म्याच्या नेहमीच्या प्लास्टिक काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. अशा काचेचा प्रत्येक पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो. पुढचा आणि मागचा असे दोन पृष्ठभाग मिळून ८ टक्के परत जातो आणि उरलेला ९२ टक्के आरपार जातो. चेहऱ्याच्या उघड्या त्वचेची उजळी १०० मानली, तर काचेमागची त्वचा सुमारे ८५ इतकी दिसते, कारण उजेड आत जाताना एकदा आणि बाहेर येताना दुसऱ्यांदा काचेतून जातो. हा फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो. आता काचेच्या समोर चेहऱ्याच्या तिप्पट उजळ अशी खिडकी आहे असे धरू. तिची उजळी ३०० आणि त्यातले ८ टक्के, म्हणजे २४, एवढी चमक काचेवर चढते. डोळा त्यामागे दिसतोच, पण त्यावर धुरकट पडदा आल्यासारखे वाटते. काचेवर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असेल तर परावर्तन एका टक्क्याच्या आसपास येते आणि तीच चमक ३ वर उतरते. उरलेल्या या चमकेला बहुधा हिरवट किंवा निळसर-जांभळी छटा असते. चष्म्याच्या दुकानात काच तिरकी धरून दाखवतात ती हीच छटा.

प्रॉम्प्ट लिहिण्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. साध्या काचेतून डोळे स्वच्छ दिसणे हे अगदी स्वाभाविक आहे, त्यामुळे तसे मागायला काहीच हरकत नाही. पण काच पूर्णपणे अदृश्य झाली तर चित्रात नुसती रिकामी फ्रेम चढवल्यासारखे दिसते. काच आहे हे पटवण्यासाठी एक लहानशी खूण लागते: वरच्या कडेला उजेडाची फिकट रेघ, कोटिंगची किंचित हिरवी झाक, गालावर पडलेली फ्रेमची मऊ सावली. म्हणून फक्त पारदर्शक काच मागण्याऐवजी उजेड कुठून येतो ते सांगावे आणि त्याची खूण किती आणि कुठे हवी तेही सांगावे. ही साधने इंग्रजी मजकुरावर सर्वाधिक शिकलेली असल्याने प्रॉम्प्ट सहसा इंग्रजीतच लिहिले जातात. एका शिक्षिकेच्या चित्रासाठी तो असा असू शकतो:

```
portrait of a schoolteacher, dark brown acetate eyeglasses,
clear anti-reflective lenses, both eyes fully visible,
large window high on the left, one faint highlight near
the upper edge of each lens, soft frame shadow on cheeks
```

यात डावीकडे वर असलेली मोठी खिडकी, दोन्ही डोळे पूर्ण दिसणे, प्रत्येक काचेच्या वरच्या कडेजवळ एकच फिकट चमक आणि गालांवरची सावली, एवढ्याच गोष्टी मागितल्या आहेत. चमक नको असे कुठेही लिहिलेले नाही, आणि ते मुद्दाम आहे. वाक्यातला नकार ही साधने नीट पकडत नाहीत. ‘प्रतिबिंब नको’ असे लिहिले की प्रतिबिंब हा शब्द मात्र त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि अनेकदा चमक वाढूनच येते. नको असलेल्या गोष्टींसाठी काही साधनांत वेगळी जागा असते. स्टेबल डिफ्यूजनच्या नेहमीच्या पडद्यांवर ती `Negative prompt` नावाची चौकट असते आणि मिडजर्नीत `--no` लिहून पुढे ते शब्द देतात. तिथे `glare, white reflection` असे लिहिणे योग्य. मुख्य वर्णनात मात्र जे हवे तेच असावे.

चित्र आले की आधी पाहायचे ते दोन्ही काचांतली चमक. खिडकी एकच असेल, तर दोन्ही काचांवरची खूण एकाच बाजूला आणि जवळपास सारख्याच उंचीवर यायला हवी. एका काचेत डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे चमक असेल, तर चेहऱ्यावरची सावली कितीही सुंदर असली तरी चित्रातला उजेड खोटा आहे. हे ओळखायला कसलेही शिक्षण लागत नाही, पण अशी चुकीची चित्रे जाहिरातींत सर्रास दिसतात.

नंबरच्या काचेची एक वेगळी खूण असते आणि एआयच्या चित्रांत ती बहुतेक नसतेच. मायनस नंबरची काच मागचे सगळे लहान करते. डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर असलेल्या मायनस सहाच्या काचेतून डोळा सुमारे ७ टक्के लहान दिसतो आणि काचेच्या बाहेरच्या कडेजवळ चेहऱ्याची रेघ आत सरकलेली दिसते. कानशिलापाशी काचेच्या वर आणि खाली चेहरा एका रेषेत असतो, काचेच्या आत मात्र ती रेघ तुटून नाकाच्या दिशेने जाते. प्लस नंबरला याच्या उलट घडते, डोळे मोठे दिसतात. शिवाय मायनस सहाची साधी प्लास्टिक काच ५० मिलिमीटर रुंदीची असेल तर कडेला पाच-सहा मिलिमीटर जाड होते, आणि रिमलेस किंवा सुप्रा फ्रेममध्ये ती जाडी उघडी दिसते. एखाद्या अभ्यासू म्हाताऱ्याचे चित्र हवे असेल आणि त्याचा चष्मा खरा वाटायला हवा असेल, तर `strong minus lenses, face outline shifted inward behind the lens` असे लिहून पाहावे. पहिल्या फेरीत ते क्वचितच साधते. बहुतेक वेळा काचेचा तेवढाच भाग निवडून पुन्हा काढून घ्यावा लागतो.

गॉगलची गोष्ट वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे त्याच हिशेबावरून कळते. उन्हाच्या चष्म्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात काचा किती उजेड आत सोडतात त्यावरून ० ते ४ असे वर्ग पाडलेले आहेत. भर उन्हासाठी नेहमी वापरला जाणारा तिसरा वर्ग ८ ते १८ टक्के उजेड आत सोडतो. १५ टक्क्यांची काच घेतली, तर काचेमागच्या डोळ्याची उजळी १०० वरून २ ते अडीचवर येते, कारण उजेडाला दोनदा गाळणीतून जावे लागते. पण काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून होणारे ४ टक्के परावर्तन रंगामुळे अजिबात कमी होत नाही, ते रंगाच्या अलीकडेच घडते. समोरचे आकाश चेहऱ्याच्या तिप्पट उजळ असेल तर त्याचे प्रतिबिंब १२ इतके उजळ दिसते. म्हणजे डोळ्यांच्या पाचपट. प्रतिबिंब साध्या काचेवरही तितकेच असते, फक्त तिथे मागच्या चेहऱ्याचा उजेड त्याला झाकून टाकतो. गडद काच मागचा चेहरा विझवते आणि पुढचा आरसा उघडा पाडते. वरून आणि बाजूने फ्रेमच्या फटींतून थोडा उजेड आत शिरत असल्याने प्रत्यक्षात डोळे या आकड्यापेक्षा जरा जास्त दिसतात, पण क्रम बदलत नाही.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. पोलराइज्ड काच घालणाऱ्याला पाण्यावरची चकाकी कमी दिसते, त्यामुळे अशा गॉगलवर प्रतिबिंब नसणार असे वाटते. पण ती गाळणी काचेच्या आत असते. बाहेरून पाहणाऱ्याला पुढच्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब दिसतच राहते. मर्क्युरी गॉगल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काचांवर मात्र पुढच्या बाजूला परावर्तक थर असतो, आणि तो साध्या काचेच्या कितीतरी पट उजेड परत फेकतो. त्यात डोळे दिसूच नयेत. डोळेही दिसतात आणि निळा-केशरी आरसाही लखलखतो असे चित्र आले तर त्या काचेचा मेळ बसत नाही.

प्रतिबिंबात काय दिसावे, ही सर्वांत जास्त चुकणारी जागा. अलिबागच्या किनाऱ्याचे उदाहरण घेऊ. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि समोर पाण्यात कुलाबा किल्ला. संध्याकाळी एक स्त्री समुद्राकडे तोंड करून उभी आहे आणि फोटो काढणारा तिच्या आणि पाण्याच्या मध्ये, तिच्यापासून चार मीटरवर आहे. चित्रात तिच्या मागे किनाऱ्यावरची झाडे आणि खाण्याच्या गाड्या दिसतील. गॉगलमध्ये मात्र तिच्या समोरचे, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागचे दिसेल: समुद्र, किल्ला, मावळतीचा सूर्य आणि खुद्द फोटो काढणारा. ‘समुद्रकिनाऱ्यावर गॉगल घातलेली स्त्री, काचेत समुद्राचे प्रतिबिंब’ एवढेच लिहिले तर साधन तिच्या मागेही समुद्र काढते आणि काचेतही. दोन्हीकडे समुद्र असणे म्हणजे ती एखाद्या बेटाच्या टोकावर किंवा होडीत आहे. प्रॉम्प्टमध्ये समोर काय आणि मागे काय हे स्वतंत्रपणे लिहिले की ही चूक बरीच कमी होते.

काच पुढे फुगलेली असते, त्यामुळे ती बहिर्गोल आरशासारखी वागते. गॉगलच्या नेहमीच्या सहा बेस कर्व्हच्या काचेची त्रिज्या सुमारे ८८ मिलिमीटर भरते. त्यावरून हिशेब केला तर ५० मिलिमीटर रुंद काचेत समोरचा साधारण ६५ अंशांचा देखावा मावतो. सगळे लहान आणि दाटलेले दिसते. चार मीटरवर उभा असलेला माणूस काचेत दोन सेंटीमीटरांहून कमी उंचीचा दिसेल आणि किल्ला काही मिलिमीटरांचा. काचेत कोणीतरी किल्ल्याचा बुरूज मोठा करून दाखवला असेल तर तो देखावा काचेवर चिकटवलेला आहे हे लगेच कळते. पाण्याची कडा वक्र होऊन दोन्ही टोकांना वर, क्षितिजाकडे वळते. क्षितिजाची रेषा मात्र कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असेल तर जवळजवळ सरळ असते. काचेतले क्षितिज धनुष्यासारखे वाकवण्याची साधनांना हौस असते, पण ते कॅमेरा बराच वर किंवा खाली असतानाच खरे.

क्षितिजाची जागाही ठरलेली असते. चष्म्याची काच उभी सरळ नसते. तिची खालची कड गालाकडे आत झुकलेली असते, साधारण आठ-दहा अंशांनी. त्यामुळे काचेचे तोंड जरासे खाली, वाळूकडे असते आणि क्षितिज काचेच्या मध्यावर न येता वरच्या अर्ध्या भागात येते. सहा बेस कर्व्ह आणि आठ अंश झुकाव असेल तर मध्यापासून सुमारे १२ मिलिमीटर वर. फोटो काढणाऱ्याचे डोके त्याच रेषेपाशी येते, कारण त्याचा कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. सूर्याचाही हिशेब यातूनच निघतो. ४२ मिलिमीटर उंचीच्या अशा काचेत सूर्य क्षितिजापासून दहा-बारा अंशांपेक्षा वर असेल आणि मान सरळ असेल, तर त्याचे प्रतिबिंब काचेत येतच नाही, ते काचेच्या वरच्या कडेबाहेर जाते. भर दुपारचे ऊन दाखवून काचेच्या मधोमध सूर्याचा तारा चमकवणारी चित्रे म्हणूनच खोटी वाटतात, जरी पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी.

काच वरून गडद आणि खाली फिकट असलेल्या, म्हणजे ग्रेडियंट गॉगलमध्ये आणखी एक बारकावा आहे. खालचा भाग निम्मा उजेड सोडत असेल तर तिथे गालाची उजळी २५ होते, आणि चेहऱ्याइतक्याच उजळ वाळूचे प्रतिबिंब फक्त ४. तेव्हा खालच्या भागात वाळू न दिसता गाल दिसायला हवा. प्रतिबिंब वरच्या गडद पट्ट्यात ठळक आणि खाली येताना विरत गेलेले असावे. अलिबागच्या चित्रासाठी प्रॉम्प्ट असा होईल:

```
woman facing the sea at sunset, trees and food stalls
blurred behind her, grey gradient sunglasses, upper half
of both lenses reflects the view in front of her: straight
sea horizon, tiny fort, low sun as one small dot, small
photographer silhouette; cheeks visible through lower half
```

दोन्ही काचांत जवळजवळ तोच देखावा हवा. समुद्र, किल्ला आणि सूर्य दूर असल्याने दोन डोळ्यांमधल्या सहा-सात सेंटीमीटरांनी त्यांत फारसा फरक पडत नाही. एका काचेत होडी आणि दुसऱ्या काचेत नुसते आकाश असे आले तर ते चित्र टाकून दुसरे मागावे, दुरुस्तीत वेळ घालवण्यात अर्थ नाही. जवळच्या गोष्टी मात्र किंचित सरकलेल्या दिसतात. स्त्रीच्या डाव्या हाताला जे असेल ते काचेतही तिच्याच डाव्या हाताच्या बाजूला येते, आणि समोर एखादी पाटी असेल तर तिच्यावरची अक्षरे उलटी दिसतात.

आता फ्रेमची जाडी. इथे ‘जाड’ म्हणजे कुठली जाडी हे आधी ठरवावे लागते. समोरून पाहताना काचेभोवती दिसणाऱ्या पट्टीची रुंदी ही एक जाडी. बाजूने पाहताना दिसणारी पुढून मागे जाणारी खोली ही दुसरी. शेल फ्रेम, म्हणजे ॲसिटेटच्या पत्र्यातून कापलेली फ्रेम, दोन्ही अर्थांनी जाड असते आणि तिची पट्टी साधारण ४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असते. धातूच्या तारेच्या फ्रेमची पट्टी एक-दीड मिलिमीटर भरते. इंग्रजी प्रॉम्प्टमध्ये `thick glasses` लिहिले तर काही वेळा जाड काचेचा, मोठ्या नंबरचा चष्मा येतो. पट्टी जाड हवी असेल तर `thick-rimmed` किंवा `chunky acetate frame`, मध्यम हवी असेल तर `medium-width acetate rim` आणि तारेची हवी असेल तर `thin wire-rim metal frame` असे लिहिणे सुरक्षित. `4 mm` असा आकडा लिहून उपयोग होत नाही. चित्र काढताना साधन मोजपट्टी वापरत नाही आणि शिकवणीतल्या मजकुरांत हा आकडा फ्रेमच्या दिसण्याशी जोडलेला क्वचितच होता.

बारीक फ्रेम तुटण्याचे आणखी एक ठोस कारण आहे. स्टेबल डिफ्यूजन चित्र थेट पिक्सेलवर काढत नाही. प्रत्येक बाजूने आठपट लहान केलेल्या आतल्या जाळीवर काढते आणि शेवटी ते उलगडते. म्हणजे जाळीचे एक घर चित्रातल्या ८ × ८ पिक्सेलना व्यापते. १०२४ पिक्सेल रुंद चित्रात डोके-खांद्यांपर्यंतचा माणूस असेल आणि चेहऱ्याची रुंदी सव्वाचारशे पिक्सेलच्या आसपास असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे अंदाजे ३ पिक्सेल. तारेच्या फ्रेमची दीड मिलिमीटरची पट्टी साडेचार पिक्सेलची, जाळीच्या अर्ध्या घराएवढी. अशी रेघ कुठे नाहीशी होते, कुठे फुगते, आणि नाकावरच्या पुलापाशी दुहेरी होते. ४ मिलिमीटरची शेल फ्रेम १२ पिक्सेलची, ती मात्र टिकते. त्यामुळे बारीक फ्रेम हवी असेल तर पूर्ण उभ्या माणसाचे चित्र मागू नये, चेहरा जवळून मागावा. ते शक्य नसेल तर चित्र झाल्यावर चष्म्याचा भाग तेवढा निवडून तो मोठ्या आकारात पुन्हा काढून घ्यावा. स्टेबल डिफ्यूजनच्या एका लोकप्रिय पडद्यावर ही सोय `Inpaint` मध्ये `Only masked` नावाने असते. निवडलेला तुकडा मोठा करून त्यावर काम होते आणि तो पुन्हा जागच्या जागी बसवला जातो, त्यामुळे साडेचार पिक्सेलच्या रेघेला कितीतरी जास्त पिक्सेल मिळतात.

आलेली जाडी बरोबर आहे का हे मोजूनच कळते. चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला ५०□१८-१४५ अशी संख्या छापलेली असते. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. शिक्षिकेच्या चित्रात याच मापाची, ४ मिलिमीटर पट्टीची शेल फ्रेम हवी आहे असे समजू. मोजायला पट्टी म्हणून चेहऱ्यावरचेच एक अंतर वापरता येते. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. चेहरा अगदी समोरून असेल आणि चित्रात ते अंतर १८९ पिक्सेल भरले, तर एक मिलिमीटर म्हणजे ३ पिक्सेल. काच १५० पिक्सेल रुंद, पूल ५४ आणि पट्टी १२ यायला हवी. समजा मोजल्यावर काच १५३, पूल ५४, पण पट्टी २१ पिक्सेल निघाली. म्हणजे साधनाने ७ मिलिमीटरची भरभक्कम फ्रेम काढली आहे. काचा आणि पूल बरोबर असल्याने चित्र फेकण्याची गरज नाही. चष्म्याभोवती निवड करून, `Denoising strength` मध्यम, ०.४ ते ०.५ च्या आसपास ठेवून, `slim acetate rim` असे लिहून पुन्हा काढून घ्यावे. तो आकडा फार वाढवला तर डोळेही बदलतात, फार कमी ठेवला तर पट्टी तशीच राहते.

याच मापाने आणखी एक तपासणी होते. ५०□१८ च्या फ्रेममध्ये दोन काचांच्या मध्यांतले अंतर ६८ मिलिमीटर असते, बाहुल्यांमधले ६३. म्हणजे प्रत्येक बाहुली आपल्या काचेच्या मध्यापेक्षा सुमारे अडीच मिलिमीटर नाकाच्या बाजूला असायला हवी. बाहुल्या काचेच्या बाहेरच्या निम्म्यात गेल्या असतील तर फ्रेम चेहऱ्याला लहान आहे, मग ती कितीही रेखीव असो. चेहरा तिरका असेल तर मात्र हे मोजमाप चालत नाही. पलीकडची काच आणि पट्टी दोन्ही अरुंद दिसतात, आणि तिथे जाडीपेक्षा पुढची खोली, बिजागरी आणि काडी कानावर नीट बसली आहे का हे पाहणे जास्त उपयोगाचे.

एखाद्या दुकानाला स्वतःच्या विकाऊ फ्रेमचेच चित्र हवे असेल तर शब्दांवर भागत नाही. फ्रेमची ठेवण, कोपऱ्यांचा उतार, बिजागरीची जागा हे वर्णनातून नेमके येत नाही, आणि काडीवरची अक्षरे तर हमखास बिघडतात. ग्राहकाला दाखवलेली फ्रेम आणि हातात दिलेली फ्रेम वेगळी निघाली तर प्रश्न नुसता देखणेपणाचा राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तरतूद आहे. अशा वेळी फ्रेमचा खरा फोटो घेऊन त्यातून रेषांचे चित्र काढतात आणि कंट्रोलनेटसारख्या जोडणीतून ते साधनाला देतात, म्हणजे बाह्यरेषा ठरलेली राहते आणि साधन फक्त रंग, उजेड आणि चेहरा भरते. तरीही पट्टीच्या कडा एक-दोन पिक्सेलने हलतात. जिथे तेवढीही सूट चालत नाही तिथे उलट काम करतात: फ्रेम घातलेल्या माणसाचा खरा फोटो घेऊन फ्रेमला हात न लावता फक्त मागचा देखावा बदलतात. गॉगल असेल तर काचेतले प्रतिबिंबही नव्या देखाव्याला साजेसे बदलावे लागते, आणि चेहरा बदलायचा असेल तर निवड फ्रेमच्या कडेपर्यंत न थांबवता गालावरच्या तिच्या सावलीपर्यंत न्यावी लागते. नाहीतर नव्या चेहऱ्यावर जुन्या उजेडाची सावली उरते.